सीनियरने त्यांचं काम माझ्यावर टाकलंय, घरच्या सामानाची यादीही दिलीय. नाही कसं म्हणू?

गांधीबाग_ते_हिंगणा (१७ तारीख, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्या खोलीत तिघं बसतो: एक सीनियर दादा, मी आणि चार-पाच महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी. दादा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. टॅली मला त्यांनीच हाताला धरून शिकवली, त्यामुळे त्यांच्यापुढे माझी जीभ जड होते, हे आधीच सांगून टाकतो.

मी गांधीबागेत राहतो, म्हणजे इतवारी बाजार पाठीमागेच. एकदा दादा म्हणाले, येताना किलोभर भिवापुरी मिरची आण. आणली. मग धने आले, मग खसखस, मग वहिनींच्या बहिणीसाठी तेच सगळं दुप्पट. आता महिन्याची यादीच व्हॉट्सॲपवर येते. मी ती पिशवी घेऊन सकाळी अग्रसेन चौकाला मेट्रोत चढतो, लोकमान्यनगरला उतरतो आणि पुढे शेअर ऑटोत मांडीवर घेऊन बसतो. पैसे नंतर येतात, गोल आकडा करून. म्हणजे ११४० झाले की ११००.

हे एक. दुसरं जास्त गंभीर आहे. जीएसटीचं काम दादांकडे आहे. १४ तारखेला पोर्टलवर टूबी, म्हणजे सप्लायरांनी आमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, आली की ती आमच्या खरेदीशी जुळवायची आणि २० च्या आत थ्रीबी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायची. मधल्या काळात दोन-तीनदा ते जुळवणीचं काम त्यांनी माझ्याकडे सरकवलं. त्यातल्या एका वेळी एका सप्लायरचं मोठं बिल टूबीत दिसत नव्हतं. मी शीटमध्ये ती ओळ पिवळी केली, तोंडीही सांगितलं. दादांनी घाईत त्या बिलावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे आमच्या करातून वजावट, घेऊन टाकलं. पुढे पोर्टलवर फरकाची सूचना आली तेव्हा सरांनी मला विचारलं, "जुळवलं तू होतंस ना?" दादा शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत.

आज संध्याकाळी निघताना म्हणाले, "वर्ध्याला पुतणीचं साक्षगंध आहे, १९-२० ला मी नाही. टूबी तू जुळव, थ्रीबीचं मी फोनवर सांगतो. आणि हो, यादी पाठवली आहे." मी "पाहतो दादा" म्हणालो आणि निघालो. माझ्याकडे बँकेचं स्टॉक स्टेटमेंट आहे, तेही वीसच्या आत द्यायचं असतं.

नाही कसं म्हणू? घरचं मंगलकार्य आहे, कारण काही खोटं नाही.

तर्री_पोहे (रात्री ९.५८)

भाऊ, तू आणून देऊन रायला म्हणून ते सांगून रायले. यात त्यायचं काय चुकलं? मोफतचा हमाल कोणाले नको?

आणि "पाहतो" म्हणून आला ना तू? मंग ते आत्ता घरी निवांत बॅग भरून रायले असतील. त्यायच्या हिशोबानं काम देऊन झालं.

निवृत्त_हेडक्लार्क (रात्री १०.१५)

वरिष्ठाने कनिष्ठाकडून खाजगी कामे करून घेणे हे सर्वस्वी गैर आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्याकडून सचोटी व कर्तव्यपरायणतेची अपेक्षा आहे. आमच्या वेळी एक साहेब शिपायाला घरची भाजी आणायला पाठवीत. आम्ही सर्वांनी मिळून लेखी निवेदन दिले होते. आपणही कार्यालय प्रमुखांकडे लेखी तक्रार नोंदवावी व पोच घ्यावी.

गांधीबाग_ते_हिंगणा (रात्री १०.२२)

काका, दादा माझे साहेब नाहीत, सहकारीच आहेत. हुद्द्याने एक पायरी वर, पण माझं काम सरच ठरवतात. आणि कंपनी खासगी आहे, ते नियम आम्हाला लागत नाहीत.

निवृत्त_हेडक्लार्क (रात्री १०.३०)

तरीही पोच घ्यावी.

खामला_मंजिरी (रात्री १०.४७)

मी एका सीए ऑफिसात बरीच वर्षं काढली, आता कंपन्यांचं इंटर्नल ऑडिट करते. तुझ्यासारखी जोडी मला जवळजवळ प्रत्येक अकाउंट्स विभागात दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कसं सांगायचं ते नंतर पाहू. तुझ्या बाबतीत कधी सांगतोस यावरच सगळं आहे, त्यामुळे आधी दिवस मोज. टूबी १४ ला आली, थ्रीबीची शेवटची तारीख २०, आज १७ ची रात्र. दादा १९ ला निघणार. म्हणजे त्यांच्या हातात उद्याचा पूर्ण दिवस आहे. उद्या सकाळी कामाला लागायच्या आधी तू सांगितलंस, तर ते स्वतः बसून जुळवणी उरकू शकतात, सरांना सांगून बाहेरच्या सीएकडे पाठवू शकतात, किंवा साक्षगंधाला १९ च्या दुपारी निघू शकतात. त्यांच्यासमोर तीन वाटा मोकळ्या राहतात. तेच तू १९ ला फोन करून "दादा, नाही झालं" म्हणालास, तर ते वर्ध्याच्या मांडवात असतील आणि एकही वाट उरलेली नसेल. उशीर झाला की लेट फी रोजची ५० रुपये, ती काही जीव घेत नाही. पण रोखीने भरायच्या करावर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज बसतं, आणि सरांच्या तोंडी एकच वाक्य येईल: "याने हो म्हणून केलं नाही." तो ठपका तुझ्यावर येईल, आणि खरं सांगायचं तर रास्त असेल.

दुसरं म्हणजे टॅलीत तू कोणाच्या नावाने काम करतोस? जुळवणी एक्सेलमध्ये होते हे ठीक, पण त्यात सापडलेल्या दुरुस्त्या व्हाउचरमध्ये कराव्या लागतात. बिल नंबरातला एखादा शून्य, चुकलेला जीएसटी नंबर वगैरे. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून कोणती नोंद कोणी, कधी, काय बदलली याची नोंद राहील असंच सॉफ्टवेअर तुम्हाला वापरावं लागतं, आणि ती नोंद बंद करून चालत नाही. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. तू दादांच्या लॉगिनने बसलास तर तुझं काम त्यांच्या नावावर, आणि उद्या त्यांनी काही बदललं तरी ते तू केलं की त्यांनी हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पासवर्ड माहीत असेल तर तो आधी विसर.

तर्री_पोहे (रात्री १०.५५)

ताई, तुमी तं ऑडिटच लावून देलं त्याचं.

सदर_बाजार_संकेत (रात्री ११.०८)

एवढं कशाला? सरळ नाही म्हणायचं आणि कारण द्यायचंच नाही. कारण दिलं की समोरचा ते सोडवत बसतो. माझ्या ऑफिसात एकजण रोज संध्याकाळी त्याच्या पोराला क्लासवरून उचलायला सांगायचा. मी म्हटलं गाडी नाही. म्हणाला माझी ॲक्टिव्हा घेऊन जा. मी म्हटलं पेट्रोल नाही. म्हणाला भरून ठेवली आहे. तिसरं कारण सुचेपर्यंत मी क्लाससमोर उभा होतो. तेव्हापासून ठरवलं, जमणार नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं.

खामला_मंजिरी (रात्री ११.२०)

संकेत, तुझं अर्धं बरोबर आहे. तुझी कारणं बनवलेली होती म्हणून ती सुटत गेली. गाडी आणता येते, पेट्रोल भरता येतं. याचं कारण तसं नाही. स्टॉक स्टेटमेंट याच्याच नावावर आहे, वीसच्या आत आहे, आणि दादांना ते माहीत आहे. ते कोणाच्या ॲक्टिव्हाने सुटत नाही.

आणि क्लासवाल्या माणसाशी तुझं काही देणंघेणं नव्हतं. याला दादांनी काम शिकवलं आहे, रोज शेजारी बसायचं आहे. तिथे कारणाशिवाय नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. एक खरं कारण द्यावं, एकदाच. दुसरं जोडायचं नाही. दुसरं कारण आलं की पहिलं पोकळ वाटायला लागतं.

गांधीबाग_ते_हिंगणा (रात्री ११.३१)

ताई, वेळेचं पटलं. उद्या पंचिंग झाल्याझाल्या सांगतो. पण नुसतं नाही म्हणायला जड जातंय. "नवीन मुलीला द्या, ती मोकळीच असते, तिचंही शिकणं होईल" असं सुचवू का? म्हणजे त्यांचंही अडणार नाही.

मास्तरीण_काटोल_रोड (रात्री ११.४४)

थांबा दादा, हे नका करू. मी शाळेत आहे, आणि तुम्ही ज्या मुलीबद्दल बोलताय ती म्हणजे मीच, फक्त पंधरा वर्षांनी मोठी.

आमच्याकडे सरकारच्या यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती भरायची आली की "मॅडम, तुमचं टायपिंग छान". निरोपसमारंभ आला की "मॅडम, तुमचं सूत्रसंचालन छान". भेटवस्तूची वर्गणी गोळा करायला मी, रांगोळीला मी, पाहुण्यांच्या चहाला मी. आमचे दोन सर आहेत, त्यांना कॉम्प्युटर माझ्याहून चांगला येतो. पण कोणी सांगायला गेलं की ते नुसते हसतात आणि काम फिरून माझ्या टेबलावर येतं. सुरुवातीला प्रत्येक वेळी हेच ऐकलं: तुमचं शिकणं होईल. यू-डायस भरून मी काय शिकले ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही नाही म्हणून सुटाल. ती चार महिन्यांची पोर कोणाला नाही म्हणेल?

अर्थशास्त्राचा_मास्तर (रात्री ११.५९)

मॅडमनी लिहिलं त्यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. लिंडा बॅबकॉक, लीसे वेस्टरलुंड वगैरे चौघींचा, २०१७ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आला. खेळ साधा होता. तिघांचा गट कॉम्प्युटरवर, हातात दोन मिनिटं, तिघांपैकी एकाने बटण दाबायचं. जो दाबेल त्याला सव्वा डॉलर, बाकी दोघांना दोन-दोन. कोणीच दाबलं नाही तर सगळ्यांना एकच. म्हणजे कोणीतरी दाबावं असं सगळ्यांनाच वाटतं आणि आपण दाबू नये असंही सगळ्यांनाच वाटतं. ऑफिसातली बिनफायद्याची कामं अशीच असतात.

मिश्र गटांत बटण दाबणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. बायकांचा स्वभावच तसा, असं कोणी म्हणेल, म्हणून त्यांनी नुसत्या बायकांचे आणि नुसत्या पुरुषांचे गट करून पाहिले. तिथे फरक गायब. पुरुषांच्या गटात पुरुषही निमूट दाबत होते. पुढच्या फेरीत एक माणूस बाहेरून कोणा एकाला विनंती करणार असं ठेवलं, तर विनंती बायकांनाच जास्त गेली, आणि करणाऱ्यांत पुरुष होते तशा बायकाही होत्या. ही हो म्हणेल हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

सदर_बाजार_संकेत (रात्री १२.०६)

सर, पिट्सबर्गच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी सव्वा डॉलरसाठी बटण दाबलं म्हणून हिंगण्यातलं ऑफिस कळतं का? इथे तर मुळात पुरुषच पुरुषाला सांगतोय.

अर्थशास्त्राचा_मास्तर (रात्री १२.१४)

हिंगणा कळत नाही, कबूल. पण धागाकर्त्याला नाही म्हणायचं सुचलं त्याच क्षणी दुसरं नाव कोणाचं सुचलं, तेवढं पाहा.

गांधीबाग_ते_हिंगणा (रात्री १२.२०)

तिला द्या म्हणत नाही. मुद्दा लक्षात आला.

मंजिरीताई, अजून एक. पूर्ण नाही म्हणण्यापेक्षा थोडं करून द्यावं का? साक्षगंध आहे हो घरचं.

खामला_मंजिरी (सकाळी ६.५०)

झोपून उठून लिहिते आहे.

थोडं करून द्यायचं असेल तर कुठला तुकडा, हे तू ठरव. जुळवणीत दोन वेगळी कामं असतात. पहिलं निव्वळ कष्टाचं: टूबीची फाइल आणि खरेदीचं रजिस्टर शेजारी ठेवून नंबर, रक्कम, कर जुळवायचा. त्यात बरीच बिलं क्षुल्लक कारणाने अडतात. कोणी बिल नंबरात तिरकी रेघ देतो, कोणी देत नाही. दुसरं काम ठरवण्याचं: जे टूबीत नाहीच त्याचं काय करायचं. सप्लायरने आपल्या विक्रीचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, अकरा तारखेनंतर भरलं तर बिल पुढच्या महिन्याच्या टूबीत येतं. त्याने भरलंच नाही, किंवा दुसऱ्याच कोणाच्या नंबरावर टाकलं, तर फोन करून मागे लागावं लागतं. मागच्या वेळी तुझ्यावर जे आलं ते या दुसऱ्या कामामुळे आलं. ठरवलं त्यांनी आणि विचारलं तुला. म्हणून हे दुसरं काम कुठल्याही परिस्थितीत घ्यायचं नाही, फोनवर सूचना घेऊन तर मुळीच नाही. पहिल्यातला तासाभराचा तुकडा द्यायचा तर दे, पण किती वाजेपर्यंत ते आधी सांग.

आणि दादांना हेही सांग की शंकेची बिलं या महिन्यात सोडली तर आकाश कोसळत नाही. टूबीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट २०२२ पासून तसंही घेता येत नाही. बिल नंतर टूबीत दिसलं की घेता येतं, आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत. वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. या महिन्यात तेवढा कर रोखीने जास्त जाईल, तो सरांना आधी सांगावा लागेल, बस. घाई अर्धी इथेच संपते. आणि घाई संपली की तुझ्याकडे येण्याचं कारणही निम्मं संपतं.

तर्री_पोहे (सकाळी ७.३०)

तासाभराचा तुकडा नको देऊ भाऊ. बोट देलं तं हात जाते. मी देलं होतं, आता अख्खी रजिस्टरं माह्याकडे हायेत.

वर्धा_रोड_नितीन (सकाळी ८.०५)

सगळे मागणाऱ्यालाच झोडपताय म्हणून दुसरी बाजू सांगतो. मागच्या वर्षी आई महिनाभर दवाखान्यात होती आणि मी ऑफिसात सगळ्यांपुढे हात पसरले. मागताना मला काय वाटत होतं ते मागणाऱ्यालाच कळतं.

एकाने तिथल्या तिथे सांगितलं, "नितीन, रिपोर्टचं मला नाही जमणार, मला त्यातलं समजतही नाही. रविवारी रात्री दवाखान्यात मी बसतो, तू घरी जाऊन झोप." मला अजिबात राग आला नाही. दुसरा म्हणाला "टेन्शन नको घेऊ, मी आहे", आणि गुरुवारी त्याचा फोन बंद. माझं आजही त्याच्याशी नीट बोलणं नाही. नाही म्हणणाऱ्यासोबत मात्र रोज चहा होतो.

तुमच्या दादांचं कारण खरं असेल तर साक्षगंधाच्या बाजूने काही करता येतं का पाहा. टूबीच्या बाजूनेच मदत केली पाहिजे असं कुठे आहे?

गांधीबाग_ते_हिंगणा (१८ तारीख, रात्री ८.५५)

झालं ते सांगतो.

सकाळी दादा डबा कपाटात ठेवत होते, तेव्हाच गेलो. घरून वाक्य घोकून आलो होतो, तरी पहिलं निघालं ते "दादा, राग मानू नका." मग म्हणालो, "टूबी माझ्याच्यानं होणार नाही. स्टॉक स्टेटमेंट वीसच्या आत आहे, माझं त्यातच जाईल. काल पाहतो म्हणालो, ते धरू नका. आज तुमच्याकडे अख्खा दिवस आहे म्हणून आत्ताच सांगतोय."

त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबलं आणि म्हणाले, "मोठा झालास बाबा." मी काही बोललो नाही. मग म्हणाले, "तासभर तरी बस." मी म्हणालो, "तीन ते चार बसतो, नंबर जुळवायला. चारला उठेन. न जुळणारी बिलं तुम्ही पाहा." तर्रीभाऊ, माफ करा, तुमचं ऐकलं नाही.

चारला उठलो. उठताना त्यांनी पाहिलं, पण अडवलं नाही. नऊ बिलं राहिली होती. मंजिरीताईंचं नोव्हेंबरचं सांगितलं तर म्हणाले, "मले माहीत आहे, पण सर रोखीचं ऐकून ओरडतात." शेवटी तेच सरांच्या केबिनमध्ये गेले आणि वीस मिनिटांनी बाहेर आले. नऊपैकी दोन सप्लायरला फोन झाले, बाकीची या महिन्यात सोडायची ठरली. थ्रीबी उद्या सकाळी दादाच भरणार आणि दुपारच्या गाडीने वर्ध्याला जाणार. डिजिटल सही तशीही सरांकडेच असते, म्हणजे मी फोनवर ऐकून भरणार होतो ते कसं होणार होतं कोण जाणे.

दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. चहाला हाक मारली नाही.

इतवारीच्या यादीचं मात्र राहिलं. एकाच दिवशी दोन नाही म्हणवत नव्हते. नितीनभाऊ, तुमचं वाचून मग ठरवलं की साक्षगंधाचं सामान आहे, या वेळी आणून देतो. आज संध्याकाळी आणून त्यांच्या भाच्याकडे दिलं.

तर्री_पोहे (रात्री ९.१०)

म्हणजे टूबीत जितला आन् मिरचीत हारला.

मास्तरीण_काटोल_रोड (रात्री ९.२६)

हरले कशाला? लग्नकार्याला आणून दिलं, चांगलंच केलं. पण पुढच्या महिन्याच्या यादीचं यादी यायच्या आधी सांगा. यादी आल्यावर सांगितलं की ते त्या यादीला नाही होतं, आणि त्यातली प्रत्येक वस्तू "एवढंच" म्हणून पुढे येते. कधीतरी सहज बोलताना सांगा की आता सामान न्यायला जमत नाही, दुकानाचा नंबर देतो. दुकान ओळखीचं आहे, माल चांगला आहे, हे तुम्ही त्यांना देताच आहात.

सदर_बाजार_संकेत (रात्री ९.३५)

त्याहून सोपं सांगतो. दुकानात काउंटरवर उभं राहून फोन करायचा, "दादा, ११४० झाले, दुकानदाराचा क्यूआर पाठवतो, करून टाका." स्वतःच्या खिशातून एक रुपया द्यायचा नाही. माझ्या मेहुण्याची यादी यानेच निम्म्यावर आली.

खामला_मंजिरी (रात्री ९.५०)

संकेत, हे मात्र पूर्ण बरोबर.

गांधीबाग, मला यादीपेक्षा पुढच्या महिन्याची काळजी आहे. आज दादा केबिनमध्ये गेले तेव्हा सरांना काय सांगितलं, तुला माहीत आहे का? "याला वेळ नाही" असं सांगितलं असेल, तर सरांच्या डोक्यात जुळवणी अजून तुझ्याच नावावर आहे. दोन ओळींचा मेल टाक. दादांविरुद्ध काहीच लिहायचं नाही. "या महिन्यात टूबीची प्राथमिक जुळवणी एक तास केली, न जुळलेली नऊ बिलं दादांकडे दिली. पुढच्या महिन्यापासून हे काम माझ्याकडे द्यायचं असल्यास स्टॉक स्टेटमेंटची तारीख कशी धरावी, ते सांगावे." दादांना सीसी ठेव, लपूनछपून नको.

वर्धा_रोड_नितीन (रात्री १०.०२)

मला नाही पटत. दादा मांडवात असताना मोबाइलवर हा मेल वाचतील. नऊ बिलांचा आकडा लिहिला की ती तक्रारच झाली, भाषा कितीही गोड ठेवा. त्यांनी शेवटी स्वतः बसून काम केलं ना? परत येऊ द्या, समोरासमोर बोला.

खामला_मंजिरी (रात्री १०.११)

मागच्या वेळी समोरच बसले होते, नितीन. तेव्हा बोलले का?

निवृत्त_हेडक्लार्क (रात्री १०.२०)

मेल म्हणजेच पोच. मी काल हेच सांगत होतो.

गांधीबाग_ते_हिंगणा (रात्री १०.४०)

ताई, केबिनमध्ये काय बोलणं झालं ते माहीत नाही, दादांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला आहे, नऊचा आकडा काढून. दादा २१ ला येतील, आधी त्यांच्याशी बोलतो. सर मधे काही म्हणाले तर लगेच पाठवतो. काम कोणाचं हे आधी ठरलं नाही, तर पुढच्या १४ ला टूबी आल्यावर पुन्हा हाच घोळ.